पैसे आल्यानंतरचं पत्र

थकलेलं पेमेंट खात्यात जमा झाल्याचा मेसेज येतो तेव्हा छोटा उद्योजक साधारण दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर हात जोडलेली दोन चिन्हं आणि ‘थँक यू सर’ एवढं पाठवून मोकळा होतो. नाहीतर काहीच पाठवत नाही, कारण इतके महिने फोन करून करून त्याचं मन विटलेलं असतं. आपलेच पैसे, तेही रखडवून दिलेले, त्याबद्दल आभार कसले मानायचे, असं त्याला वाटतं. वाटणं चुकीचं नाही. तरीही हा दिवस वाया घालवण्यासारखा नसतो.

पैसे अडकलेले असतात तोवर आपण लिहिलेलं प्रत्येक वाक्य समोरच्याला तगादाच वाटतं. नवं काम सुरू करताना अटी बोलायला गेलो तर भाव करतोय असं वाटतं. पैसे नुकतेच आलेले असतात त्या एक-दोन दिवसांत मात्र कोणालाच बचाव करायचा नसतो. देणारा सुटकेचा श्वास टाकत असतो, घेणारा शांत झालेला असतो, आणि पेमेंट नेमकं कुठे अडलं होतं हे दोघांच्याही डोक्यात ताजं असतं. पुढच्या बिलांची शिस्त याच वेळी, चार ओळींत आणि आवाज न चढवता लावता येते. ते पत्र कसं लिहायचं हे एका उदाहरणातून पाहू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून बेतलेले आहेत, पण त्यातलं एकही वळण औद्योगिक वसाहतीतल्या माणसाला नवीन वाटणार नाही.

भोसरीतलं एक छोटं वर्कशॉप धरू. पत्रा कापायचा, वाकवायचा आणि ब्रॅकेट करून द्यायचे, असं काम. पत्रा गिऱ्हाईक कंपनीचा, मजुरी वर्कशॉपची, म्हणजे जॉबवर्क. दर नगाला १५० रुपये, नग १,०००. मजुरी दीड लाख, त्यावर १८ टक्क्यांनी २७,००० रुपये जीएसटी. एकूण बिल १,७७,००० रुपयांचं. माल आणि बिल दोन्ही ३ जूनला पोचलं. पर्चेस ऑर्डरवर, म्हणजे पीओवर, ४५ दिवसांत पेमेंट असं लिहिलेलं. त्या हिशेबाने पैसे १८ जुलैपर्यंत यायला हवे होते. आले १४ नोव्हेंबरला. ११९ दिवस उशीर.

या ११९ दिवसांचा भार कोणी उचलला हे आधी पाहायला हवं, कारण पत्रात ते लिहायचं नसलं तरी लिहिणाऱ्याला ते माहीत असावं. जूनच्या बिलावरचा २७,००० रुपयांचा जीएसटी वर्कशॉपवाल्याने जुलैमध्येच सरकारला भरला. पैसे आले की नाही, याच्याशी त्या भरण्याचा संबंध नसतो. बिल काढलं की कर देणं लागतं. कामगारांचे पगार, विजेचं बिल आणि दिवाळीचा बोनस हे सगळं बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून भागवावं लागलं. म्हणजे एका मोठ्या कंपनीला एका लहान वर्कशॉपने बिनव्याजी कर्ज दिलं, आणि त्यासाठी स्वतः बँकेला व्याज भरलं.

आता खात्यात आलेला आकडा पाहू. १४ नोव्हेंबरला जमा झाले १,७१,९६० रुपये. बिल १,७७,००० चं, मग ५,०४० रुपये कुठे गेले? त्यातले १,५०० टीडीएसचे. वर्कशॉप एका व्यक्तीच्या मालकीचं असल्याने जॉबवर्कवर एक टक्का कापला जातो, आणि जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असेल तर तो सोडून मूळ मजुरीवर कापला जातो. हे बरोबर आहे. उरलेल्या ३,५४० चा उलगडा पेमेंट अ‍ॅडव्हाइस मागवल्यावर झाला. २० नग रिजेक्ट म्हणून ३,००० आणि त्यावरचा जीएसटी ५४० परस्पर वळता केलेला. रिजेक्शनचा कागद नाही, नग परत आलेले नाहीत, आणि पाच महिन्यांत कोणी त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

इथे अनेकांचा तोल जातो. आधीच उशीर, त्यात ही कपात. मग आभाराच्या पत्राचं भांडणाचं पत्र होतं. याच्या उलट गफलतही तितकीच होते. पैसे आले या आनंदात माणूस ‘पेमेंट मिळालं, धन्यवाद’ एवढंच लिहितो आणि ३,५४० वर कायमचं पाणी सोडतो, कारण पुढे विचारायला गेलं की समोरून ऐकू येतं, ‘तुम्ही तर मिळालं म्हणून कळवलं होतंत.’ चांगलं पत्र ही दोन्ही टोकं टाळतं. ते आधी पावती असतं, मग आभार, आणि मग पुढची व्यवस्था. वर्कशॉपवाल्याने पर्चेसच्या साहेबांना पाठवायचं आणि अकाउंट्सच्या मॅडमना प्रत जोडायची ते पत्र असं असेल:

विषय : बिल क्र. ४७, दि. ३ जून. रक्कम मिळाली, धन्यवाद.

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

बिल क्र. ४७ पोटी १,७१,९६० रुपये काल, १४ नोव्हेंबरला, आमच्या खात्यात जमा झाले. यूटीआर क्रमांक सोबत दिला आहे. १,५०० रुपये टीडीएस धरून आम्ही १,७३,४६० रुपयांची नोंद केली आहे. बाकी ३,५४० रुपये २० नगांच्या रिजेक्शनपोटी वळते केलेले दिसतात. तपासणीचा रिपोर्ट आणि ते नग मिळाले की पाहून घेतो आणि आमची चूक असेल तर लगेच क्रेडिट नोट देतो.

जूनच्या मालाची स्टोअरमधली नोंद राहून गेली होती, हे मॅडमनी स्वतः शोधून काढलं आणि त्यानंतर आठवडाभरात पेमेंट निघालं. त्यांचे आणि तुमचे मनापासून आभार.

पुढच्या बिलांचा असा खोळंबा होऊ नये म्हणून आम्ही आमच्या बाजूने दोन गोष्टी सुरू करत आहोत. चलन आणि बिल दोन्हींवर पीओ क्रमांक ठळक छापू, आणि स्टोअरचा सही-शिक्का असलेली चलनाची प्रत बिलासोबत त्याच दिवशी अकाउंट्सला मेल करू. बिलावर देय दिनांकही छापलेला असेल. पीओप्रमाणे तो माल पोचल्यापासूनचा ४५ वा दिवस राहील.

आपल्याकडून दोन विनंत्या आहेत. मालाबद्दल काही तक्रार असेल तर ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत मेलने कळवावी, म्हणजे नग लगेच बदलून देता येतील. आणि एखादं बिल कुठे अडलं असेल तर देय दिनांकाच्या आधी आम्हाला सांगावं. कागद कमी असेल तर आम्ही त्याच दिवशी पाठवू.

८०० नगांचा पुढचा लॉट २५ नोव्हेंबरला ठरल्याप्रमाणे पोचेल. त्याचा देय दिनांक ९ जानेवारी असेल.

कळावे, लोभ असावा.

पत्र एवढंच. यात एकही कठोर शब्द नाही, पण एकही वाक्य नुसतं शोभेचंही नाही.

पहिला परिच्छेद पावतीचा आहे. त्यात बिल क्रमांक, तारीख, रक्कम आणि यूटीआर आहे, म्हणजे बँकेच्या व्यवहाराचा तो लांबलचक क्रमांक. वर्षअखेरीला लेजर जुळवायची वेळ येते तेव्हा कंपनीच्या वहीत एक आकडा आणि आपल्या वहीत दुसरा निघतो, आणि तो फरक शोधण्यात पुढची दोन पेमेंटं अडकतात. हा परिच्छेद ते आधीच मिटवतो. ३,५४० चा उल्लेख तक्रारीच्या सुरात केलेला नाही, पण तो मान्यही केलेला नाही. ‘रिपोर्ट आणि नग मिळाले की’ या शब्दांनी चेंडू कंपनीच्या अंगणात गेला. शिवाय क्रेडिट नोट द्यायची ती माल देणाऱ्याने, जीएसटीत हिशेब तिच्यावरच बसतो, हेही न सांगता सांगून झालं.

एकाच बिलाऐवजी तीन-चार बिलं थकलेली असतील आणि कंपनीने ‘सध्या हे घ्या’ म्हणून लाखभर रुपये एकरकमी पाठवले असतील, तर या परिच्छेदाची किंमत आणखी वाढते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे, देणाऱ्याने कोणत्या देण्यापोटी पैसे दिले ते सांगितलं असेल तर ते त्याच देण्याकडे वळवावे लागतात. त्याने काहीच सांगितलं नसेल आणि परिस्थितीवरूनही ते स्पष्ट होत नसेल, तर कोणत्या देण्यात ते जमा करायचे हे घेणारा ठरवू शकतो. तेव्हा पत्रात लिहून टाकावं : ‘ही रक्कम सगळ्यात जुन्या बिल क्र. ३९ मध्ये पूर्ण आणि क्र. ४३ मध्ये अंशतः जमा केली आहे.’ यामुळे जुनं बिल हिशेबातून सुटतं आणि पुढचं बोलणं फक्त उरलेल्या बिलांवर होतं.

दुसरा परिच्छेद आभाराचा, आणि तो मोघम नाही. आभार कंपनीचे नाहीत, माणसांचे आहेत, आणि त्यांनी केलेल्या एका विशिष्ट कामाबद्दल आहेत. मोठ्या कंपनीत पेमेंट बहुतेक वेळा कोणाच्या खोडसाळपणामुळे अडत नाही, एखाद्या कागदामुळे अडतं. माल गेटवर उतरतो, स्टोअरवाला तो संगणकात जमा करून घेतो, त्याला जीआरएन म्हणतात. ही नोंद झाल्याशिवाय अकाउंट्समध्ये बिल पुढे सरकत नाही, कारण पीओ, जीआरएन आणि बिल या तिन्हींचे आकडे जुळावे लागतात. उदाहरणात चलनाची प्रत स्टोअरमध्ये गहाळ झाली, जीआरएन झालाच नाही, आणि पर्चेसचे साहेब मात्र प्रत्येक फोनला ‘बिल अकाउंट्सला दिलंय’ एवढंच सांगत राहिले. ते खोटं बोलत नव्हते. बिल खरंच अकाउंट्समध्ये होतं, फक्त हलत नव्हतं. ज्या मॅडमनी ही गाठ शोधली त्यांचं नाव त्यांच्या साहेबांसमोर घेतलं, तर पुढचं बिल त्या आपणहून पाहतात. यात लांगूलचालन नाही. तगादा सगळेच लावतात, आभार मात्र अकाउंट्सच्या टेबलापर्यंत क्वचितच पोचतात.

तिसरा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा. तो ‘आम्ही काय करू’ इथून सुरू होतो, ‘तुम्ही काय करा’ इथून नाही. वर्कशॉपवाल्याने आपल्या अंगावर दोन कामं घेतली, आणि दोन्ही नेमकी जिथे पेमेंट अडलं होतं तिथली आहेत. त्यानंतर देय दिनांक येतो. ‘यापुढे पेमेंट वेळेवर करावे ही विनंती’ हे वाक्य असंख्य पत्रांत असतं आणि त्याचा उपयोग शून्य असतो, कारण वेळेवर म्हणजे कधी हे त्यात नसतं. पर्चेसच्या मते ४५ दिवस बिल अकाउंट्सला मिळाल्यापासून, अकाउंट्सच्या मते जीआरएनपासून, आणि काही ठिकाणी बिलाचा महिना संपल्यापासून मोजतात. एकाच पीओच्या तीन देय तारखा निघतात. म्हणून दिवसांचा आकडा लिहून थांबू नये, थेट तारीख लिहावी. ९ जानेवारी म्हटलं की मोजायचं काही उरत नाही.

चौथ्या परिच्छेदातल्या १५ दिवसांच्या मागे कायदा उभा आहे, पण पत्रात त्याचं नाव नाही. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, लोक ज्याला एमएसएमई कायदा म्हणतात, तो सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पेमेंटच्या बाबतीत चांगलं संरक्षण देतो. माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ठरलेली मुदत काहीही असली तरी ४५ दिवसांच्या पुढे जायचं नाही. पीओवर ९० दिवस छापले असले तरी कायद्यापुढे ते ४५ च. लेखी काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवस. मग स्वीकारलं कधी असं धरायचं? माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा मानला जातो. म्हणजे पाच महिन्यांनी अचानक निघालेल्या रिजेक्शनला फारसा आधार उरत नाही. वर्कशॉपवाल्याच्या विनंतीत हेच आहे, फक्त ‘नग लगेच बदलून देता येतील’ या कंपनीच्या सोयीच्या कारणाने मांडलेलं.

मुदत टळली तर व्याजही आहे. रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, महिन्यागणिक चक्रवाढ. बँक रेट ५.५ टक्के धरला तर वर्षाला साडेसोळा टक्के. आपल्या १,७७,००० वर ११९ दिवसांचं हे व्याज साडेनऊ हजारांच्या पुढे जातं. ते मागण्यासाठी सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. मग पत्रात व्याजाचा उल्लेख का नाही? कारण ज्या गिऱ्हाइकाकडून महिन्याला लाख-दीड लाखाचं काम येतं, त्याच्याकडे पहिल्याच उशिराला साडेनऊ हजार मागायचे की पुढची बिलं वेळेवर आणायची, हा धंद्याचा निर्णय आहे. हक्क असतो म्हणून तो दर वेळी वापरायलाच हवा असं नाही. मात्र तो सोडून दिल्याचं लिहूनही द्यायचं नाही.

म्हणून या पत्रात दोन वाक्यं चुकूनही येऊ देऊ नयेत. पहिलं, ‘उशीर झाला तरी काही हरकत नाही.’ आपण हे भिडेखातर बोलतो. कागदावर ते आलं की उशीर आपल्याला चालतो असा त्याचा अर्थ होतो, आणि पुढच्या वेळी थकलेल्यांच्या यादीत आपलं नाव सगळ्यात खाली जातं. दुसरं, ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, आता काही येणे बाकी नाही.’ काही कंपन्या असा मजकूर छापून सहीसाठी पाठवतात. कपातीचा उलगडा झालेला नसेल तर त्यावर सही करू नये. ‘बिल क्र. ४७ पोटी अमुक रक्कम मिळाली’ एवढंच खरं आहे आणि तेवढंच लिहावं.

याच्या उलट, मनातला राग बाहेर पडतो अशीही वाक्यं असतात. ‘अखेर पेमेंट केल्याबद्दल धन्यवाद’ यातला ‘अखेर’ सगळ्यांना टोचतो. ‘आम्ही छोटे लोक आहोत, आमचंही पोट आहे’ हे खरं असलं तरी ते वाचून अकाउंट्सवाल्याची कामाची पद्धत बदलत नाही. आणि आभाराचं वाक्य संपतं न संपतं तोच ‘पण’ आला, की वाचणाऱ्याच्या लक्षात फक्त ‘पण’ नंतरचं राहतं. वरच्या पत्रात आभार संपतात, परिच्छेद संपतो आणि पुढच्या बिलांचं बोलणं नव्याने सुरू होतं.

तरीही अपेक्षा सांगताना ताकाला जाऊन भांडं लपवू नये. ‘आपण समजून घ्यालच’, ‘योग्य ते करावे’ अशा आडवळणाच्या भाषेतून समोरच्याला काहीच कळत नाही. गोडवा आभारांत असावा, अपेक्षेत नेमकेपणा असावा.

कायद्याचं नाव न घेता त्याची आठवण ठेवून देण्याची एक सभ्य जागा आहे, ती म्हणजे बिलाचा तळ. तिथे उद्यम नोंदणी क्रमांक आणि ‘सूक्ष्म उद्योग’ किंवा ‘लघु उद्योग’ असं छापावं. अकाउंट्सच्या लोकांना तेवढं पुरतं. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात घातलेली एक तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल एमएसएमई कायद्याच्या मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरता येतो. जूनचं बिल नोव्हेंबरमध्ये दिलं तर वर्ष तेच राहतं, कंपनीचं काही बिघडत नाही. पण फेब्रुवारीचं बिल मे महिन्यात दिलं तर मार्चअखेरच्या नफ्यात तो खर्च धरता येत नाही आणि त्यावर त्या वर्षी कर भरावा लागतो. म्हणून जानेवारी ते मार्च या काळातल्या बिलांवर हा क्रमांक आणि देय दिनांक हमखास हवा. ऑडिटर तो शोधतोच. शिवाय उशिराचं व्याज कंपनीने दिलंच, तर आयकरात ते खर्च म्हणून वजा करता येत नाही.

जीएसटीची बाजूही माहीत असलेली बरी. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्या कंपनीला त्या बिलावर घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर क्रेडिट पुन्हा घेता येतं. आपल्या उदाहरणात तो १८० वा दिवस ३० नोव्हेंबर होता आणि पैसे १४ तारखेला आले. एखादी कंपनी दर वेळी पाचव्या-सहाव्या महिन्यातच पैसे काढत असेल, तर तिचा संगणक ४५ व्या नव्हे, १८० व्या दिवसाची आठवण करून देतो आहे असा संशय घ्यायला जागा आहे. अशा ठिकाणी पत्रासोबत अकाउंट्सला इतकंच विचारावं : ‘आमचा व्हेंडर कोड तुमच्या सिस्टीममध्ये एमएसएमई म्हणून नोंदलेला आहे ना?’ अनेकदा तो नसतोच. उद्यम प्रमाणपत्र पाठवलं की तेवढ्यानेच तारीख बदलते.

इथे काही मर्यादा सांगायला हव्यात. ही संरक्षणं उत्पादन करणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांना आहेत. मध्यम उद्योगांना पेमेंटच्या या तरतुदी लागू नाहीत. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. नोंदणी काम घेण्याआधीची असावी, मागाहून केलेल्या नोंदणीवर वाद होतात. भाषांतरकार, चित्रकार, संगणकावर काम करणारे मोकळे व्यावसायिक हेही सेवा उद्योग म्हणून नोंदणी करू शकतात. त्यांच्या बाबतीत स्टोअर आणि जीआरएन नसतो. त्यांचं बिल बहुधा ‘काम पसंत आहे’ असा मेल न आल्यामुळे अडतं. त्यांनी आभाराच्या पत्रात तेवढीच एक व्यवस्था मागावी : काम पाठवल्यापासून १५ दिवसांत दुरुस्त्या कळवाव्यात, न कळवल्यास काम स्वीकारलं असं धरून बिल पाठवू.

ओळख घरोब्याची असेल, सगळं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर चालत असेल, तर एवढं लांब पत्र विचित्र वाटेल. तेव्हा इतकं पुरे : ‘साहेब नमस्कार. बिल ४७ चे १,७१,९६० मिळाले, मॅडमना आमचे आभार सांगा. ३,५४० कापलेत त्याचा रिपोर्ट मिळाला तर बरं होईल. पुढचा लॉट २५ ला येतोय, बिलावर ९ जानेवारी ही देय तारीख टाकतोय, स्टोअरची सही घेऊन कॉपी मॅडमना मेल करतो.’ पाच महिने फोनवर ‘बघतो’ म्हणणारा माणूस हा मेसेज वाचून नाराज होणार नाही, आणि ९ जानेवारी ही तारीख आपण आधी सांगितली होती याचा पुरावाही राहील.

पत्र पाठवायची वेळ म्हणजे पैसे आले तो दिवस किंवा दुसरा कामाचा दिवस. आठवड्यानंतरच्या पत्राला शिळेपणा येतो आणि महिन्यानंतर ते पत्र तगाद्याची प्रस्तावना वाटायला लागतं. महिनाअखेरीला आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अकाउंट्सचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. तेव्हा फक्त पावतीच्या दोन ओळी पाठवाव्यात आणि बाकीचं चार दिवसांनी लिहावं.

पत्राची खरी परीक्षा मात्र पुढच्या बिलाला होते. वर्कशॉपवाल्याने २५ नोव्हेंबरच्या चलनावर पीओ क्रमांक टाकला नाही, सही-शिक्क्याची प्रत दोन आठवड्यांनी पाठवली, तर त्याच्या अपेक्षांनाही अर्थ उरत नाही. प्रत त्याच दिवशी जायला हवी. मग २ जानेवारीला, देय दिनांकाच्या आठवडाभर आधी, एक साधा मेल : ‘बिल क्र. ५८ चा देय दिनांक ९ जानेवारी आहे, काही कागद राहिला असेल तर कळवावं.’ तारीख उलटण्याआधी विचारलं तर तो तगादा ठरत नाही. पुढे १२ किंवा १५ जानेवारीला पैसे आले तरी पत्राने काम केलं असं म्हणायला हरकत नाही. १६४ दिवसांवरून पन्नाशीवर येणं ही धंद्यात फार मोठी गोष्ट आहे.

आणि नाहीच आले तर? सगळे कागद पूर्ण आहेत, तक्रार कोणतीच नाही, विचारलं की ‘फंड आला की बघू’ हेच उत्तर, असं दोन बिलांना लागोपाठ झालं, तर अडचण कागदाची नाही, पैशांची किंवा नियतीची आहे. तिथे आभाराचं तिसरं पत्र लिहिण्यात अर्थ नाही. पुढच्या लॉटला निम्मे पैसे आगाऊ मागावेत, उधारीची मर्यादा एका बिलावर आणावी, आणि गिऱ्हाईक सुटलं तरी चालेल असं मनाशी ठरलं की मग व्याजाचा आणि परिषदेचा रस्ता धरावा. त्या दिवशी तुमचं पहिलं पत्र फाइलमधून बाहेर काढा. माल कधी पोचला, पैसे कधी आले, कपात मान्य केली नव्हती आणि देय तारीख आधीच कळवली होती, हे सगळं त्यात तारखेनिशी लिहिलेलं असेल. म्हणूनच पैसे आल्याचा मेसेज दिसला की फोन खाली ठेवण्याआधी पावतीचा तो पहिला परिच्छेद लिहून ठेवा.